नारळासाठी थांबलेला चर

मी डूख धरणारी बाई आहे. माझ्या लग्नात माझ्या वडिलांना शेवटच्या पंगतीला बसवणाऱ्या आतेसासूबाईंचे ब्लाउज पुढे कित्येक वर्षं मीच शिवले, आणि प्रत्येकाच्या काखेत बोटभर कापड कमी ठेवलं. आपण जाड होत चाललोय असं त्यांना वाटायचं. बिचाऱ्या भात सोडून बसल्या होत्या. माझे यजमान म्हणतात, तुला देवाने शिवण दिली ती गावाच्या नशिबाने, नाहीतर तू काय केलं असतंस कोण जाणे. तर ती शिवणही गेली, आणि मग मी काय केलं, ते सांगते.

नाशकातली आमची कॉलनी जुनी. कारखान्यातल्या आणि सरकारी नोकरीतल्या लोकांनी कर्ज काढून बांधलेले छोटे बंगले, प्रत्येकापुढे एक जास्वंद, कोपऱ्यावर मोकळा भूखंड आणि त्यावर गणपतीचं देऊळ, त्याला जोडून पत्र्याचा सभामंडप. माझं मशीन हॉलच्या खिडकीशी. कटोरी आणि प्रिन्सेस कट या ब्लाउजच्या दोन प्रकारांत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्नसराईत पिंपळगाव बसवंतहून द्राक्षवाल्यांच्या घरच्या नवऱ्या मुली गाडी करून मापं द्यायला यायच्या. माझी कात्री एकदा कापडात शिरली की थांबायची नाही. त्या कात्रीचा आवाज मला फार आवडायचा.

आमच्या गल्लीतला डांबरी रस्ता निवडणुकीच्या थोडं आधी नवा झाला होता. रस्ता झाला, निवडणूक झाली, आणि रस्त्याची नवलाई संपायच्या आत घरगुती गॅसची पाइपलाइन टाकणारी कंपनी आली. त्यांनी रस्त्याच्या कडेने गल्लीभर चर खणला, पिवळा पाइप टाकला, वर माती लोटली आणि पुढच्या गल्लीत गेले. माती बसली, चर पुन्हा उघडा पडला. मग एक दिवस कोपऱ्यावर खडीचा ढीग पडला आणि एक रोलर येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, झालं, आता बुजवणार. रोलर दोन-चार दिवस तसाच उभा होता. पोरं त्याच्यावर चढून खेळली. मग तो जसा आला तसा निघून गेला. खडी मात्र राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाकांनी गल्लीभर पसरली.

त्याच खडीवरून माझी स्कूटर घसरली. संध्याकाळची वेळ, पुढ्यात भाजीची पिशवी. समोरून पाण्याच्या जारचा टेम्पो आला, म्हणून मी गाडी कडेला घेतली. पुढचं चाक खडीवर फिरलं आणि चरात गेलं. गाडी, मी आणि मेथीची जुडी, सगळं एकाच वेळी खाली. उजवं मनगट माझ्याच अंगाखाली आलं. त्याचा जो आवाज झाला तो मी इथे लिहिणार नाही.

प्लेट बसवली, टाके निघाले, व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, रोजची कामं जमतील. रोजच्या कामांत ते कुकर लावणं आणि केस विंचरणं धरत होते. मी घरी येऊन पहिल्यांदा कात्री धरली, तर ती उघडली पण दाबून मिटेना. जाड अस्तर सोडा, साधं रुबियाचं कापड कापताना हात थरथरायला लागला. मी मशीनवर कापड टाकून ठेवलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागले, सध्या घेत नाही. हे सध्या अजून चालू आहे.

आमचे नगरसेवक मला भेटायला आले होते. प्रभागाला चार नगरसेवक असतात, पण आमच्या कॉलनीचा म्हणावा असा हा एकच, कारण तो इथेच वाढला. त्याच्या शाळेच्या हाफपँटची शिवण उसवली की तो गुपचूप माझ्याकडे यायचा. सफरचंदं घेऊन आला, पाया पडला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काकू, फार वाईट झालं. पण काय करणार, निधीच आला नाही अजून. निधी आला की पहिलं काम तुमच्या गल्लीचं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. डाव्या हाताने चहा करून दिला. महापालिकेत पैसे नसतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो, तेव्हा यात खोटं काही असेल असं मनातही आलं नाही.

मग गणपती आले. मंडपात आरती झाली, सगळी कॉलनी जमलेली. नगरसेवकाच्या हातात माइक दिला. कोणीतरी मागून ओरडलं, "रस्त्याचं बघा!" तो हसून म्हणाला, "होणार, रस्ते होणार. पण आपणही जरा बघून चालवायला पाहिजे ना? काय काकू?"

आणि लोक हसले. माझा हात गळ्यातल्या पट्ट्यात, दुसऱ्या हातात आरतीचं ताट, आणि माझ्याभोवतीची सगळी माणसं हसली. ज्यांच्या मुलींच्या लग्नातले ब्लाउज मी रात्रंदिवस बसून दिले होते त्या बायकाही हसल्या. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते तर रुमालाने डोळे पुसत होते. त्या दिवसापासून कॉलनीला ते वाक्यच मिळालं. कोणी मुलगा सायकल घेऊन निघाला की, "बघून चालव रे, काकूंसारखं नको." दूधवालासुद्धा एकदा म्हणाला. त्याला मी दुसऱ्या दिवसापासून बंद केला.

मनगट दुखायचं ते रात्री. हे वाक्य दिवसभर दुखायचं. पडणं एकवेळ समजू शकते, पण मी माझ्या वेंधळेपणाने पडले असं गावभर ठरलं, आणि ज्याने ठरवलं तो टाळ्या घेऊन गेला. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, याच माणसांसमोर, याच मांडवात, याचं वाक्य मी याच्याच घशात घालीन. कसं, ते माहीत नव्हतं. देवळात जायचे तेव्हाही मी तेवढंच मागायचे. सुबुद्धी वगैरे मागितली नाही.

दिवाळीच्या तोंडावर चर बुजवला गेला. पण आधी समारंभ झाला. चराच्या कडेला टेबल, टेबलावर शाल, नारळ, हळदीकुंकू. नगरसेवकाने नारळ फोडला आणि कुदळ मारून कामाचा शुभारंभ केला. आधीच खणलेल्या चरात कुदळ! मी गॅलरीतून बघत होते. फोटो काढणाऱ्याने त्याला अजून एकदा कुदळ मारायला लावली. दुपारपर्यंत चरावर मुरूम, खडी आणि डांबराचा पातळ थर पडला, आणि संध्याकाळी विजेच्या खांबाला फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेला तो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: माझ्या निधीतून रस्ता दुरुस्तीचे काम पूर्ण. दिवाळी संपेपर्यंत तो थर मधोमध खचला. फ्लेक्स मात्र ताठ होता.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी त्याने सभामंडपात रहिवाशांची सभा ठेवली. विषय होता, आपला पैसा रस्त्यांवर कसा खर्च होतो. लोकांच्या तक्रारी वाढल्या होत्या, इतर गल्ल्यांतही खड्डे होते. सभेनंतर मिसळ होती, त्यामुळे उपस्थितीची काळजी कोणालाच नव्हती.

अध्यक्ष आदल्या दिवशी घरी आले. "आभार तुम्हीच माना. नेहमीप्रमाणे."

नेहमीप्रमाणे म्हणजे खरंच नेहमीप्रमाणे. हळदीकुंकू असो, कोजागरी असो, सव्वीस जानेवारी असो, आमच्या कॉलनीत आभारप्रदर्शन मीच करते. हे काम कोणालाच नको असतं, कारण ते कोणी ऐकत नाही. तेवढ्यात चपला शोधल्या जातात, पिशव्या आवरल्या जातात. पण त्यात एक गोम आहे. आभार मानणाऱ्या बाईने, "सर्वांनी अल्पोपाहार घेतल्याशिवाय जाऊ नये" हे वाक्य उच्चारलं की मगच पंगत बसते. त्याआधी कोणी भांड्याजवळ गेलं तर अख्खी कॉलनी त्याच्याकडे बघते. वर्षानुवर्षं मी ते वाक्य भरभर म्हणून माणसांना मोकळं करत आले. माझ्या हातात काय आहे हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

मी अध्यक्षांना हो म्हटलं. माझा बेत अगदी किरकोळ होता. बोलता बोलता जीभ घसरल्यासारखं करून त्याला माजी नगरसेवक म्हणायचं, लगेच अगंबाई म्हणून दाताखाली जीभ धरायची. तेवढंच लोक हसतील, तेवढंच त्याला लागेल. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याच्याने काय होणार?" मी म्हटलं, "मला झोप येईल."

रविवारी मंडप भरला. व्यासपीठ म्हणजे देवळाचा ओटाच. त्यावर अध्यक्ष, नगरसेवक आणि महापालिकेच्या बांधकाम विभागाचे इंजिनिअर. हे इंजिनिअर कळवणकडचे, वयाने लहान, नवीनच बदलून आलेले नव्हते पण लोकांसमोर बसायची सवय नसलेले. सारखे पाणी पीत होते. मागे पातेल्यात रस्सा उकळत होता आणि त्याचा वास सभेच्या वरून फिरत होता. मी पहिल्या रांगेत, उजवा हात मांडीवर ठेवून.

तो बोलायला उठला. खरं सांगते, बोलला छान. हातात कागद नाही, आवाज मोकळा, मधूनमधून एखाद्या आजोबांना नावाने हाक मारायची. आधी त्याने सांगितलं की नगरसेवकाच्या खिशात पैसे येत नाहीत. नगरसेवक काम सुचवतो, बांधकाम विभाग अंदाजपत्रक करतो, निविदा निघते, ठेकेदार काम करतो, इंजिनिअर मोजमाप घेतात आणि मग महापालिका ठेकेदाराला बिल देते. "म्हणजे बघा," तो म्हणाला, "एक रुपयासुद्धा माझ्या हातातून जात नाही."

लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग तो म्हणाला, "लोक विचारतात, रस्ता खराब झाला की पुन्हा आमचाच पैसा का? तर नाही. रस्ता नवीन असेल तर त्याला दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात रस्ता उखडला, तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. तुमच्या करातून एक पैसा नाही."

टाळ्या पडल्या. दोषदायित्व हा शब्द त्याने असा काही उच्चारला की मागच्या आजींनी हात जोडले.

"आणि कोणी रस्ता खोदला तर?" त्याने बोट वर केलं. "गॅसवाले खोदतात, केबलवाले खोदतात. तुम्हाला वाटतं, ते खोदून जातात आणि भुर्दंड आपल्याला. अजिबात नाही. खोदायच्या आधी कंपनीला महापालिकेत फी भरावी लागते. आधी पैसे, मग परवानगी. पैसे जमा झाल्याशिवाय कुदळ लागत नाही, हा नियम आहे. त्या फीतूनच तो रस्ता पूर्ववत करायचा. काय साहेब, बरोबर ना?"

इंजिनिअर म्हणाले, "बरोबर, बरोबर. फी भरल्याशिवाय परवानगी निघतच नाही."

पुन्हा टाळ्या. आणि माझ्या कानात सफरचंदांची पिशवी सळसळली. निधीच आला नाही अजून, काकू. मी त्याच्याकडे बघितलं. तो पुढे बोलतच होता, जुन्या रस्त्यांची डागडुजी प्रभागाच्या निधीतून कशी केली, कुठल्या चौकात काय केलं, खांबावर बोर्ड लागलेत ते वाचा म्हणून. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. स्वतःच्या तोंडाने त्याने स्वतःला माझ्या ताटात वाढलं होतं आणि वर लिंबू पिळत होता. माजी नगरसेवक वगैरे पोरकट बेत मी तिथल्या तिथे सोडून दिला.

माझं अंग गरम झालं होतं. राग होता, पण त्यात आनंदही होता, आणि तो मी नाकारणार नाही.

अध्यक्षांनी पुकारलं, "आता काकू आभार मानतील." लगेच चपलांची सळसळ सुरू झाली. मी ओट्यावर गेले, डाव्या हातात माइक घेतला.

"मी फार वेळ घेणार नाही," मी म्हटलं. सगळे आभारवाले हेच म्हणतात. "माननीय नगरसेवकांचे आभार, त्यांनी आज आपल्याला शहाणं केलं. आजवर आपल्याला वाटायचं, रस्ता खोदला की तो बुजवायला निधीची वाट बघावी लागते. आज त्यांनी सांगितलं, आधी पैसे, मग परवानगी. पैसे जमा झाल्याशिवाय कुदळ लागत नाही. मी बरोबर ऐकलं ना, साहेब?"

तो हसून म्हणाला, "अगदी बरोबर, काकू."

मागे दोघंतिघं भांड्याकडे सरकले होते. मी माइक जवळ धरला. "मिसळीचं मी अजून म्हटलेलं नाही." ते जागच्या जागी थांबले. मंडपात हशा झाला, मग तोही थांबला, कारण मी हसत नव्हते.

"आता इंजिनिअर साहेबांचे आभार. साहेब, आमच्या गल्लीत गॅसवाल्यांनी चर खणला. त्याचीही फी आधीच भरलेली होती?"

इंजिनिअर उभे राहिले. शाळेत प्रश्न विचारल्यासारखे उभे राहिले. "हो मॅडम. सगळ्या कॉलनीची एकदमच भरलेली होती."

"म्हणजे चर खणला त्या दिवशी, तो बुजवायचे पैसे महापालिकेत होते."

"हो, होते."

"मग आमच्या खांबावर लिहिलंय, माझ्या निधीतून. ते कसं?"

ते नगरसेवकाकडे बघायला लागले. नगरसेवक पाण्याच्या ग्लासकडे बघत होता. "निधीतून नाही," इंजिनिअर हळूच म्हणाले, "फीतूनच. बोर्ड आमच्या खात्याचा नसतो."

आता मागचे सगळे खाली बसले होते. मिसळ कोणाच्या डोक्यात राहिली नव्हती. मी म्हटलं, "साहेब, अजून एकच विचारते आणि तुम्हाला सोडते. पैसे होते. खडीही आली होती. रोलर आला होता, पोरं त्याच्यावर खेळली, सगळ्यांनी बघितलंय. मग काम न करता रोलर परत का गेला?"

इथे त्या माणसाने शांत बसायला हवं होतं. किंवा, तांत्रिक अडचण, असं म्हणायला हवं होतं. हे दोन शब्द महापालिकेत कुठेही चालतात. पण तो भला माणूस घाबरला होता, आणि आपल्या खात्यावर बालंट येऊ नये एवढंच त्याला कळत होतं.

"आमच्याकडून उशीर नाय झाला मॅडम," घाईघाईत त्याच्या तोंडी त्याच्या गावची बोली आली. "रोलर बी उभा होता, माणसं बी होती. पण नारळ फुटायचा राहिला होता ना. नगरसेवक साहेबांना सगळ्या गल्ल्यांचा शुभारंभ एकदम करायचा होता, आणि त्यांना टाइम मिळत नव्हता. नारळ फुटल्याशिवाय आम्ही काम कसं चालू करणार?"

त्याला अजूनही कळलं नव्हतं आपण काय बोललो. त्याच्या दृष्टीने ते अगदी रीतसर कारण होतं. आपल्याकडे आहेच तशी पद्धत. पूल होऊन तयार असतो, दवाखाना होऊन तयार असतो, आणि माणसं नारळाची वाट बघत बाहेर उभी असतात. आम्हीही कधी त्यात काही वावगं पाहिलं नव्हतं.

मी नगरसेवकाकडे वळले. आतापर्यंत मी आपण, माननीय, साहेब करत होते. ते सगळं गळून पडलं.

"नारळासाठी थांबला होतास तू?"

"काकू, तसं नाही..."

"माझ्या घरी सफरचंदं घेऊन आलास आणि म्हणालास, निधी नाही. माझा हात मोडला तेव्हा निधी होता, खडी होती, रोलर होता. फक्त तुला फोटोला वेळ नव्हता. तू आलास, मी डाव्या हाताने तुला चहा दिला, तू प्यालास. आणि मग गणपतीत, इथेच, या ओट्यावर, माइकवर काय म्हणालास?"

मी मंडपाकडे वळले. "काय म्हणाला होता हा? तुम्हाला पाठ आहे. रोज म्हणता. म्हणा."

अध्यक्षांनी रुमाल काढला, पण डोळ्यांना लावायचं धाडस केलं नाही. पहिल्या रांगेतल्या, त्या दिवशी हसलेल्या बायका पदराचे काठ बघत होत्या. काठांची शिवण माझीच होती.

"बघून चालवा," मी म्हटलं. "मी बघूनच चालवत होते. चर मला दिसला होता. माझ्यासमोर टेम्पो होता, आणि खाली तू पसरून ठेवलेली खडी होती."

तो पुढे आला. चेहरा पडला होता, आणि मला तो तसा बघून बरं वाटलं. अगदी जवळ येऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "चुकलं काकू. माफ करा. नंतर घरी येतो मी."

हाफपँटची शिवण उसवली की असाच यायचा, खाली मान घालून, आणि म्हणायचा, आईला सांगू नका. तेव्हा मी कधी सांगितलं नव्हतं.

मी माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "घरी नको. इथे. तेव्हा माइकवर बोललास, आताही माइकवर बोल."

"काकू, प्लीज."

"मिसळ थंड होतेय सगळ्यांची."

त्याने मंडपाकडे बघितलं, मग खाली. आणि बोलला. "काकूंची चूक नव्हती. काम लवकर करता आलं असतं. माझ्यामुळे थांबलं. मी तसं बोलायला नको होतं."

टाळ्या नाही पडल्या. मला टाळ्या नकोच होत्या. मी माइक परत घेतला आणि म्हटलं, "सर्वांनी अल्पोपाहार घेतल्याशिवाय जाऊ नये." माझा आवाज इतका नेहमीसारखा आला की मलाच नवल वाटलं.

मिसळ झणझणीत होती. मी दोन पाव जास्त खाल्ले. बायका येऊन माझ्या पाठीवर हात फिरवून जात होत्या. त्यांच्यावर माझा राग अजून आहे, त्यांचं उट्टं वेगळं काढीन. इंजिनिअर साहेब ताट न घेताच निघाले होते, त्यांना मी बोलावून बसवलं आणि वर तर्री घालायला लावली. त्यांच्यावर पुढे काही बालंट आलं नाही, हे मी विचारून घेतलं. नगरसेवक फोनवर बोलत बोलत बाहेर गेला तो आलाच नाही.

त्याच आठवड्यात गल्लीत माणसं आली. खचलेला थर उकरून काढला, चर साफ केला, खडी घालून थराथरावर रोलर फिरवला आणि वर डांबर घातलं. नारळ फुटला नाही. कोणी फोटो काढला नाही. पूर्ण एक दिवस काम चाललं, आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून पूर्ण दिवस ते बघितलं. यजमान दोनदा जेवायला हाक मारून गेले.

शेवटी एक माणूस खांबावर चढून तो फ्लेक्स काढायला लागला. मी वरून विचारलं, "त्याचं काय करणार?" तो म्हणाला, "काय नाय, टाकून देणार." मी म्हटलं, "मला दे."

यजमानांना वाटलं, मी तो जाळणार. मलाही आधी तसंच वाटत होतं. दाराशी पायपुसणं करावं, नाहीतर गच्चीवर पसरून त्यावर वाळवणं घालावीत, असे पुष्कळ विचार मनात येऊन गेले. दोन दिवस तो हॉलमध्ये गुंडाळी करून उभा होता. बघून बघून मला हसू यायचं.

तेवढ्यात पिंपळगावहून एक आई आणि मुलगी आल्या. थोरलीच्या लग्नाचे ब्लाउज मी शिवले होते, आता धाकटीचं ठरलं होतं. बरोबर पैठणीचं ब्लाउजपीस. मी माझं नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. मी जिंकले होते ना. मी म्हटलं, दाखव तर. कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघ मारली, रेघ सरळ आली. मग कात्री उचलली. काठापर्यंत गेली आणि थांबली. दोन्ही हातांनी दाबली, तरी काठ चावल्यासारखा झाला, कापला नाही गेला. मुलगी घाईने म्हणाली, "राहू द्या काकू, आम्ही बघतो दुसरीकडे." तिची आई माझ्याकडे न बघता कापडाची घडी घालत होती.

त्या गेल्यावर मी कात्री खणात ठेवली. मशीनवरचं जुनं कापड धुळीने भरलं होतं, ते काढलं. फ्लेक्स उलगडला, मापात दुमडला, आणि त्याचा चेहरा आतल्या बाजूला येईल असा मशीनवर घातला. अगदी बरोबर बसला. वरून पांढरा दिसतो. आत, अंधारात, तो माझ्या मशीनपुढे हात जोडून उभा आहे. उभा राहू दे.